लंबवर्तुळातला सर्वांत मोठा आयत: ४५ अंश नेमके कुठे मोजायचे?

नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा घरातलं बहुतेक सामान देऊन टाकलं, पण सागवानी जेवणाचं टेबल द्यायला मन होईना. टेबल लंबगोल होतं, १८० सेंटिमीटर लांब आणि १२० सेंटिमीटर रुंद. कळव्याच्या भाड्याच्या जागेत ते मावणं शक्य नव्हतं. भावाची मुलगी यंदा बारावीला आहे, तिला अभ्यासाचं टेबल हवं होतं. तेव्हा ठरलं, की या लंबगोल टॉपमधून एक आयताकृती टॉप कापून घ्यायचा, जितका मोठा निघेल तितका.

सुतारकाका गच्चीवर टॉप पसरून बसले. हात फिरवून म्हणाले, "ताई, असं लाकूड आता मिळायचं नाही. एकदा करवत फिरली की फिरली. माप तुम्ही द्या." भाचीने लगेच वही काढली. हे गणित त्यांच्या अभ्यासक्रमातलं, डेरिव्हेटिव्हच्या उपयोगांमधलं. तिने केंद्र काढलं, कोनमापक ठेवून ४५ अंशांची रेघ ओढली, रेघ कडेला लागली तिथे खूण केली आणि म्हणाली, "आत्या, हा कोपरा. उत्तर ४५ अंशच येतं, मला पाठ आहे."

उत्तर ४५ अंशच येतं, हे खरं आहे. पण तिने केलेली खूण चुकीची होती, आणि त्या खुणेवर कापलं असतं तर ए-फोर कागदाहून मोठा तुकडा फुकट गेला असता. मी गेली कित्येक वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवते आणि हीच चूक दरवर्षी पाहते. गणित बरोबर सुटतं, पण त्यातला कोन कुठे असतो, हे डोळ्यांपुढे नसतं. म्हणून आज या कोनाबद्दलच सविस्तर लिहिते.

आधी आकृती ठरवू. लंबवर्तुळाचं केंद्र घ्या. केंद्रापासून लांबीच्या दिशेने कडेपर्यंतचं अंतर a, रुंदीच्या दिशेने b. आमच्या टॉपसाठी a = 90 आणि b = 60 सेंटिमीटर. आत आयत काढायचा, त्याच्या बाजू टॉपच्या लांबी-रुंदीला समांतर. (तिरका ठेवला तर जास्त मोठा बसेल का, हा प्रश्न सुतारकाकांनीच विचारला. त्याचं उत्तर पुढे देते.) आयताचा उजवीकडचा वरचा कोपरा केंद्रापासून x आडवा आणि y उभा असेल, तर पूर्ण आयत 2x लांब आणि 2y रुंद होतो, म्हणून क्षेत्रफळ 4xy. कोपरा कडेवर असल्याने x आणि y एकमेकांना बांधलेले आहेत. एक वाढवला की दुसरा घटतो.

हे बंधन x मध्येच लिहायचं ठरवलं तर y साठी वर्गमूळ येतं आणि पुढे त्या वर्गमूळाचा डेरिव्हेटिव्ह काढावा लागतो. उत्तर त्यानेही मिळतं, पण चिन्हांच्या आणि वर्गांच्या चुका तिथेच होतात. कोन घेतला की वर्गमूळ नाहीसं होतं:

```
x = a cosθ
y = b sinθ
```

इथेच थांबून विचारायला हवं, की हा θ कुठला कोन? मुलं गृहीत धरतात की केंद्रापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली की ती आडव्या अक्षाशी जो कोन करते, तोच θ. तसं नसतं. लंबवर्तुळावरच्या बिंदूसाठी तो कोन आणि θ फक्त अक्षांवर जुळतात, म्हणजे ० आणि ९० अंशांना. मधे कुठेच जुळत नाहीत.

θ समजायचा असेल तर लंबवर्तुळ हे दाबलेलं वर्तुळ आहे असं समजा. ९० सेंटिमीटर त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ घ्या. त्याची लांबी तशीच ठेवा आणि उंची सगळीकडे दोन-तृतीयांश करा. ९० चे ६० झाले, आणि वर्तुळाचं आमचं टेबल झालं. θ हा दाबण्याआधीच्या वर्तुळावरचा कोन आहे. दाबल्यावर बिंदू खाली सरकतो, पण त्याच्या नावाची पाटी तीच राहते. वर्तुळावर ४५ अंशांवर असलेला बिंदू दाबल्यानंतर केंद्रापासून पाहिला तर ४५ वर दिसत नाही. त्याची उंची दोन-तृतीयांश झालेली असते, म्हणून तो सुमारे ३३.७ अंशांवर दिसतो. खगोलशास्त्रात ग्रहाची लंबवर्तुळाकार कक्षेतली जागा काढतानाही याच कोनाचा आधार घेतात, आणि तिथेही तो सूर्यापासून ग्रहाकडे पाहण्याच्या कोनाहून वेगळाच असतो.

गच्चीवर हे समजावायला मी दोरी आणि खडू घेतला. टॉपच्या केंद्रावर दोरीचं एक टोक धरून ९० सेंटिमीटरचं वर्तुळ फरशीवर काढलं. ते अर्थातच टॉपच्या बाहेर गेलं. त्याच केंद्राभोवती ६० सेंटिमीटरचं दुसरं वर्तुळ टॉपवर काढलं. मग केंद्रातून ४५ अंशांची एक रेघ दोन्ही वर्तुळांपर्यंत ओढली. रेघ मोठ्या वर्तुळाला जिथे भेटली तिथून सरळ खाली, आणि लहान वर्तुळाला जिथे भेटली तिथून सरळ आडवी, अशा दोन रेघा काढल्या. मोठ्या वर्तुळाने x दिला, लहानाने y दिला. दोन्ही रेघा जिथे मिळाल्या तो बिंदू बरोबर टॉपच्या कडेवर पडला. आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल. दोन समकेंद्री वर्तुळांवरून लंबवर्तुळ काढतात ते असंच. सुतारकाकांनाही ती माहीत होती. "आम्ही असे बारा बिंदू काढतो आणि पट्टी वाकवून जोडतो," म्हणाले. म्हणजे θ त्यांच्या हातात आधीपासून होता, फक्त त्याला नाव नव्हतं.

भाचीची खूण आणि ही नवी खूण यांच्यात बरंच अंतर होतं. तिने टॉपवरच ४५ अंश मोजले होते, म्हणजे x आणि y सारखे असलेला बिंदू धरला होता. त्याने आयत नव्हे, चौरस मिळतो, बाजू सुमारे ९९.८ सेंटिमीटर. तो या लंबवर्तुळातला सर्वांत मोठा चौरस आहे, हे मात्र बरोबर. पण चौरसाचं क्षेत्रफळ सुमारे ९,९६९ चौरस सेंटिमीटर येतं, आणि खरं महत्तम १०,८०० आहे.

हे १०,८०० कसं आलं, ते पाहू. x आणि y क्षेत्रफळात घाला:

```
A = 4ab sinθ cosθ = 2ab sin2θ
```

दुसरं रूप `2 sinθ cosθ = sin2θ` या नेहमीच्या सूत्रावरून येतं. इथे कोणी डेरिव्हेटिव्ह न काढताही उत्तर सांगू शकेल. साइनची किंमत १ च्या वर जात नाही, ती १ होते 2θ नव्वद असताना, म्हणून θ पंचेचाळीस. महत्तम क्षेत्रफळ 2ab. आमच्यासाठी २ × ९० × ६० = १०,८००.

तरीही मला डेरिव्हेटिव्हचा मार्ग दाखवायचाच आहे, कारण उत्तर ४५ वरच का अडतं ते त्यातून कळतं. कोपरा कडेवरून थोडासा वर सरकवा, म्हणजे θ थोडा वाढवा. दोन गोष्टी एकदम होतात. आयत उंच होतो, म्हणून वर-खाली लाकडाच्या दोन लांब, बारीक पट्ट्या मिळतात. त्याच वेळी तो आखूड होतो, म्हणून डाव्या-उजव्या टोकांच्या दोन उभ्या पट्ट्या जातात. डेरिव्हेटिव्ह हा या मिळकतीचा आणि तोट्याचा हिशेब आहे:

```
dA/dθ = 4ab (cos²θ − sin²θ)
```

पहिलं पद मिळकत, दुसरं तोटा. θ = 30° असताना cos² पाऊण आहे आणि sin² पाव. मिळकत तोट्याच्या तिप्पट, तेव्हा कोपरा आणखी वर सरकवण्यात फायदा आहे. θ = 60° ला नेमकं उलटं, तोटा तिप्पट, म्हणून परत खाली यायला हवं. मिळकत आणि तोटा समान होतात तिथे थांबायचं. cosθ आणि sinθ पहिल्या चतुर्थकात ४५ अंशांनाच समान होतात. डेरिव्हेटिव्ह शून्य असण्याचा अर्थ इतकाच, की कोपरा एका बाजूला किंचित सरकवून जे मिळेल तेवढंच दुसरीकडे जाईल.

शून्य डेरिव्हेटिव्ह म्हणजे महत्तमच, असं मात्र नाही, लघुत्तमही असू शकतं. परीक्षेत इथे दुसरा डेरिव्हेटिव्ह काढून तो ऋण आहे हे दाखवतात. इथे तो ४५ अंशांना −8ab येतो, म्हणजे ऋणच. पण मला टोकं पाहणं जास्त समाधानाचं वाटतं. θ = 0 ला आयत टॉपच्या लांबीइतका पसरलेला, पण त्याची उंची शून्य, म्हणजे नुसती रेघ. θ = 90° ला उभी रेघ. दोन्हीकडे क्षेत्रफळ शून्य, मधे सगळीकडे धन, आणि मधे शून्य डेरिव्हेटिव्हची जागा एकच. मग ती शिखराचीच असणार. हा युक्तिवाद एका ओळीचा आहे आणि पेपरात लिहिला तर ग्राह्य धरायला हवा.

रेडियनची एक अडचण इथे येते. भाचीने ३० अंशांना डेरिव्हेटिव्ह काढला, तो १०,८०० आला. मग तिने कॅल्क्युलेटरवर ३१ अंशांचं क्षेत्रफळ काढून पाहिलं. ९,३५३ चे ९,५३६ झाले, म्हणजे वाढ फक्त १८३. ती गोंधळली, की दर १०,८०० आणि वाढ १८३? साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन असतो तो कोन रेडियनमध्ये असेल तरच. १०,८०० हा दर एका रेडियनमागे आहे, आणि एका रेडियनमध्ये सुमारे ५७.३ अंश असतात. भागून पाहिलं तर अंशामागे १८८ येतात. १८३ त्याच्या जवळच आहे, कारण अंशभर सरकेपर्यंत दर थोडा उतरलेला असतो. मग तिला म्हटलं, आता ४४ वरून ४५ वर जा. वाढ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर आली, अंगठ्याच्या पेराहून जरा मोठा तुकडा. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी त्याचाच उपयोग झाला.

आता मापं. cos 45° आणि sin 45° दोन्ही ०.७०७१. म्हणून केंद्रापासून आडवं ६३.६ आणि उभं ४२.४ सेंटिमीटर. पूर्ण आयत १२७.३ बाय ८४.९. या दोन बाजूंचं प्रमाण तीनास दोन, म्हणजे टेबलाच्या लांबी-रुंदीचंच. दाबलेल्या वर्तुळाची कल्पना धरली तर यात नवल नाही. वर्तुळात बसणारा सर्वांत मोठा आयत चौरस असतो, आणि वर्तुळ दाबलं की त्याच्याबरोबर चौरसही तेवढाच दाबला जातो.

त्याच कल्पनेतून वाया जाणाऱ्या लाकडाचाही हिशेब निघतो. लंबवर्तुळाचं क्षेत्रफळ πab, आयताचं 2ab. भागाकार 2/π, म्हणजे सुमारे ६३.७ टक्के. टेबल लांबट असो की जवळजवळ गोल, हे प्रमाण बदलत नाही. सुतारकाकांना हे सांगितलं तेव्हा ते हळहळले, "म्हणजे छत्तीस टक्के जाणारच." जाणारच, त्यात कोणाचं चालत नाही.

मग त्यांनी तिरक्या आयताचा प्रश्न काढला. "आपण सरळच का ठेवतोय? फिरवून पाहिला तर?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि आपण तो गृहीतकातच मिटवून टाकला होता. उत्तर पुन्हा वर्तुळातून मिळतं. त्रिज्या a असलेल्या वर्तुळाच्या आत कुठलाही चौकोन काढा, आयतच हवा असं नाही. चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे दोन कर्णांचा गुणाकार, गुणिले त्यांच्यातल्या कोनाचा साइन, भागिले दोन. वर्तुळातला कुठलाही कर्ण व्यासाहून, म्हणजे 2a हून मोठा असू शकत नाही, आणि साइन १ हून मोठा नाही. तेव्हा क्षेत्रफळ फार तर 2a². आता सगळं उभं दाबून b/a पट करा. दाबताना प्रत्येक आकाराचं क्षेत्रफळ त्याच पटीत घटतं, मग तो आकार सरळ असो वा तिरका. 2a² चे 2ab झाले. म्हणजे लंबवर्तुळाच्या आत काढलेला कुठलाही चौकोन, कसाही फिरवलेला, 2ab च्या पुढे जाऊ शकत नाही. आपला सरळ आयत 2ab ला पोचलेलाच आहे. फिरवून काही हाती लागणार नाही.

(चारही कोपरे कडेवर ठेवून तिरका आयत बसतच नाही, हेही खरं आहे. लंबवर्तुळातल्या समांतरभुज चौकोनाचे कर्ण केंद्रातून जातात, आयताचे कर्ण समान असतात, म्हणून चारही कोपरे केंद्रापासून सारख्या अंतरावर येतात. कडेवर एका ठराविक अंतरावरचे बिंदू चारच, आणि ते अक्षांच्या दोन्ही बाजूंना सारखे. त्यांतून सरळ आयतच तयार होतो.)

एवढं झाल्यावर कापायला काय हरकत होती? एक होती, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आमचा टॉप लंबवर्तुळ होता कशावरून? लंबगोल दिसणारं प्रत्येक टेबल लंबवर्तुळ नसतं. काही टॉप चार कंसांनी जोडलेले असतात, काही मधे सरळ आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळ असे असतात. त्यांना वरचं सूत्र लावलं तर कोपरा कडेच्या आत पडेल किंवा बाहेर जाईल. तपासायला कोन लागत नाही, टेप पुरते. आमच्या मापाच्या खऱ्या लंबवर्तुळात केंद्रापासून आडवं ५४ सेंटिमीटर गेलं की कडेपर्यंतची उभी उंची बरोबर ४८ असायला हवी, आणि ७२ वर ३६. हे आकडे ३-४-५ च्या त्रिकोणातून येतात, म्हणून पूर्णांकात बसतात. कुठल्याही मापासाठी चालेल असा नियम हवा असेल तर a च्या ०.६ वर b चे ०.८, आणि a च्या ०.८ वर b चे ०.६. तोच टॉप मधे सरळ आणि टोकांना अर्धवर्तुळ असा असता, तर ५४ वर उंची ४८ ऐवजी जवळजवळ ५५ भरली असती. एवढा फरक टेपवर लपत नाही.

सुतारकाकांनी चारही बाजूंना मोजलं. ५४ वर ४८, ४८, ४७.९, ४८.१. कोणी तरी हा टॉप मन लावून काढला होता.

खूण बरोबर झाली की नाही, याची आणखी एक चाचणी मला फार आवडते, कारण तीत मोजमापच नाही. कोपऱ्याच्या बिंदूवर कडेला नुसती टेकेल अशी सरळ पट्टी धरा, म्हणजे तिथली स्पर्शिका. आयत खरोखर सर्वांत मोठा असेल तर ही पट्टी आयताच्या दुसऱ्या कर्णाला, म्हणजे या कोपऱ्यातून न जाणाऱ्या कर्णाला, समांतर असते. कारण मिळकत-तोट्याचंच आहे. क्षेत्रफळ अडलेलं असताना कोपऱ्याजवळ कडेचा उतार −y/x असावा लागतो, आणि दुसऱ्या कर्णाचा उतारही तोच. भाचीने पट्टी धरली, सुतारकाकांनी कर्णावर दोरी ताणली. दोन्ही समांतर दिसल्या. मग तिने आपण होऊन पट्टी स्वतःच्या जुन्या खुणेवर नेली. तिथे पट्टी दोरीपेक्षा स्पष्ट आडवी पडली. वहीतल्या तीन पानांनी जे पटलं नव्हतं ते तिला तिथे पटलं.

आता ७ चौरस सेंटिमीटरच्या त्या आकड्याकडे येते. शिखराजवळ क्षेत्रफळ जवळजवळ बदलतच नाही. केपलरने १६१५ मध्ये दारूच्या पिंपांच्या आकारमानावर पुस्तक लिहिलं. महत्तमाच्या आसपास फरक इतका मंद होतो की पिंपाच्या आकारात थोडी कमी-जास्त झाली तरी मापात फारसं बिघडत नाही, हे त्याने तेव्हाच टिपलं होतं. कलनशास्त्र तोवर जन्मालाही आलं नव्हतं. आमच्या टेबलावर हे असं दिसतं: θ चाळीस अंश घेतला काय किंवा पन्नास, क्षेत्रफळ १०,८०० चं १०,६३६ होतं, तोटा दीड टक्का. लांबी मात्र या दोन टोकांमध्ये १३८ सेंटिमीटरपासून ११६ सेंटिमीटरपर्यंत बदलते. म्हणजे लाकूड जवळपास तेवढंच वापरून लांबी-रुंदी आपल्या सोयीने ठरवायला बावीस सेंटिमीटरची मोकळीक मिळते. शिखरापासून दूर गेलं की ही मोकळीक संपते. १५० सेंटिमीटर लांब टेबल हवं म्हटलं तर रुंदी ६६ वर येते आणि आठ टक्के लाकूड जातं.

कळव्याच्या खोलीत कपाट आणि खिडकीची भिंत यांच्यामधे १२२ सेंटिमीटर जागा होती. १२७.३ चा टॉप तिथे बसला नसता. गणिताचं उत्तर बरोबर होतं, पण प्रश्नात भिंत नव्हती. म्हणून लांबी १२० ठरवली. मग x साठ, आणि y निघतो ६० गुणिले ५/९ चं वर्गमूळ, म्हणजे ४४.७. रुंदी ८९.४, क्षेत्रफळ १०,७३३. सर्वोत्तमापेक्षा ६७ चौरस सेंटिमीटर कमी, आठ बाय आठच्या तुकड्याएवढं. θ ४८ अंशांच्या थोडा पुढे सरकला, इतकंच. शिवाय अभ्यासाच्या टेबलाला खोली जास्त मिळाली, पुस्तकं मागे रचून पुढे लिहायला जागा उरते.

सुतारकाकांनी रुंदी ८९ धरली. टॉपची कड खालून गोल केलेली होती, त्यामुळे कोपरा नेमका कडेवर नेला तर तिथे लाकूड पातळ पडतं. दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर आत आल्याने कोपऱ्यांना थोडं अंग राहिलं. गुण्या लावून चारही कोपरे काटकोनात आहेत हे पाहिलं, दोन्ही कर्ण मोजले, दोन्ही १४९.४ भरले. करवतीचं पातं तीन मिलिमीटर जाड होतं, म्हणून रेघेच्या बाहेरच्या अंगाने कापलं. चार धनुष्यासारखे तुकडे गच्चीवर उरले, दोन लांब आणि दोन आखूड. लांब दोघांना रंधा मारून त्यांनी टेबलावरची पुस्तकांची फळी केली. आखूड दोन भाचीने मागून घेतले. त्यांतल्या एकाच्या सरळ कडेला तिने पेन्सिलीने ४८.२ अंश लिहून ठेवलंय, आणि शेजारी कंसात: वर्तुळावर मोजलेले.